पातळ्या मोजा, मग सूत्राला हात लावा

पेनं खाली ठेवा. पेपर हातात आले, मार्क दिसले, आता कुजबुज नको. तिसरा प्रश्न उघडा. आजचा अख्खा तास मी त्या एका प्रश्नावर बोलणार आहे, कारण त्यात तुम्ही जे लिहून ठेवलंय ते वाचून मला राग आलाय.

प्रश्न पुन्हा वाचा. टेलिफोनच्या लाइनवर एक मोडेम दर सेकंदाला २४०० सिम्बॉल पाठवतो. तो १६-क्वॅम वापरतो, म्हणजे प्रत्येक सिम्बॉल सोळा बिंदूंपैकी एक असतो. बँडविड्थ २४०० हर्ट्झ धरा. बॉड रेट किती, बिट रेट किती, आणि नॉइज नसलेल्या चॅनेलच्या मर्यादेशी हे उत्तर जुळतं का? हा मोडेम मी मनाने रचलेला नाही. १९८४ साली सीसीआयटीटीने मंजूर केलेल्या व्ही.३२ मानकातला हा मोडेम आहे, १८०० हर्ट्झच्या कॅरियरवर चालणारा. त्याचा सिग्नल साधारण ६०० ते ३००० हर्ट्झ या पट्ट्यात बसतो. प्रत्यक्षात फिल्टरच्या उतारामुळे पट्टा थोडा जास्त लागतो, पण ती कटकट नको म्हणून मी २४०० दिले होते. सगळं ताटात वाढून दिलं होतं.

उत्तरं काय आली? कुणी बॉड रेट ९६०० लिहिला. कुणी बिट रेट ३८,४०० काढला. आणि निम्म्याहून जास्त वर्गाने सूत्र लिहिलं, चौकटीत बसवलं, खाली दोन रेघा मारल्या आणि १९,२०० असं उत्तर दिलं. तिन्ही उत्तरं चूक आहेत. तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी चूक आहेत, म्हणून एकेकाचा समाचार घेतो.

बॉड रेट ९६०० कुठून आला? प्रश्नात २४०० सिम्बॉल दर सेकंदाला असं स्वच्छ लिहिलंय. बॉड रेट म्हणजे तेच, दर सेकंदाला जाणारे सिम्बॉल. जो आकडा प्रश्नातच छापलाय तो तुम्ही चुकवलात, कारण तुमच्या डोक्यात बॉड आणि बिट हे एकच आहेत. ही सवय कुठे लागली तेही मला माहीत आहे. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला तुम्ही सगळे आर्डुइनोवर हे लिहीत होता:

```
Serial.begin(9600);
```

आणि दर सेकंदाला ९६०० बिट जातात असं पाठ करत होता. त्या तारेवर ते बरोबरच होतं. तिथे दोनच पातळ्या आहेत, उंच आणि खाली, म्हणून एका सिम्बॉलमध्ये एकच बिट मावतो आणि दोन्ही आकडे सारखे येतात. तिथेही ९६०० मधले सगळे बिट तुमच्या कामाचे नसतात. आठ बिटांच्या अक्षराला एक स्टार्ट आणि एक स्टॉप जोडला की दहा होतात, म्हणजे सेकंदाला अक्षरं ९६०च. ज्या एमिल बोदोच्या नावावरून हे एकक आलं त्याच्या तारायंत्रातही एका वेळी विद्युतप्रवाहाच्या दोनच अवस्था होत्या आणि पाच एककांचं एक अक्षर होतं. दोन पातळ्यांची ही खास स्थिती तुम्ही सर्वत्र लागू करून मोकळे झालात. पातळ्या दोनाच्या चार झाल्या की ती बरोबरी मोडते, इतकं साधं आहे.

बॉडची व्याख्या काहींनी लिहिली होती: सिग्नल दर सेकंदाला जितक्या वेळा बदलतो ती संख्या. पुस्तकात अशीच छापलेली असते, म्हणून मी मार्क कापले नाहीत. पण तुम्ही ही व्याख्या वाचलीत, वापरलीत आणि तिच्यामुळे गेल्या महिन्यात लॅबमध्ये फसलात, तरी डोळे उघडले नाहीत. आठवा. चार पातळ्यांचा सिग्नल होता: उणे ३, उणे १, अधिक १ आणि अधिक ३ व्होल्ट. क्लॉक एक मिलिसेकंदाचा. बिटांच्या जोड्या ग्रे क्रमाने लावल्या होत्या, खालून वर ००, ०१, ११, १०. मी पाठवलेला क्रम होता ००, ००, ११, ११, ११, १०. ऑसिलोस्कोपवर काय दिसलं? दोन मिलिसेकंद उणे ३, मग तीन मिलिसेकंद अधिक १, मग एक मिलिसेकंद अधिक ३. सहा मिलिसेकंदांत रेघ दोनदाच हलली. तुमच्यापैकी काहींनी दोन भागिले सहा मिलिसेकंद करून वहीत ३३३ बॉड लिहिला आणि माझी सही घ्यायला आलात.

लागोपाठ तोच सिम्बॉल आला तर रेघ जागची हलत नाही. म्हणून सिम्बॉल गेलाच नाही असं होतं का? त्या सहा मिलिसेकंदांत सहा सिम्बॉल गेले, बारा बिट गेले. बॉड रेट १०००, बिट रेट २०००. मोजायच्या असतात त्या सिम्बॉलसाठी राखलेल्या वेळेच्या खिडक्या. रेघ किती वेळा हलली ते मोजायचं नसतं. स्कोपवरून खिडकी काढायची तर दोन मार्ग आहेत. बराच वेळ बघा आणि दोन बदलांमधलं सगळ्यात लहान अंतर पकडा, सरासरी नको. नाहीतर स्कोप क्लॉकवर ट्रिगर करा आणि सगळ्या रेघा एकमेकींवर पडू द्या. चार पातळ्या असतील तर एकावर एक असे तीन डोळे दिसतात, आणि एका डोळ्याची रुंदी म्हणजे एक सिम्बॉल. पातळ्या किती हेही त्याच चित्रात मोजता येतं: डोळे अधिक एक. हे चित्र तुम्ही स्वतः पाहिलंय. पाहिलंय, पण विचार केलेला नाही.

आता ३८,४००. हे २४०० गुणिले १६ आहे. सोळा बिंदू आहेत म्हणून सोळाने गुणलं. सोळा पर्यायांतून एक निवडायला सोळा बिट लागत नाहीत, चार लागतात: ०००० पासून ११११ पर्यंत मोजा, सोळा होतात. म्हणून २४०० गुणिले ४, म्हणजे ९६०० बिट दर सेकंदाला. हेच उत्तर. एका सिम्बॉलमध्ये खरोखर सोळा बिट भरायचे असतील तर बिंदू ६५,५३६ लागतील. हा आकडा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येणार आहे. इथे लॉग का येतो हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही. हॅरी नायक्विस्टने १९२४ साली तारायंत्राच्या वेगावर जो लेख लिहिला त्यात तो आहे: संदेशाचा वेग प्रवाहाच्या किती वेगवेगळ्या पातळ्या वापरता त्याच्या लॉगच्या प्रमाणात वाढतो. पातळ्या दुप्पट केल्या की सिम्बॉलमागे एकच बिट वाढतो. एक बिट असताना दोन पातळ्या, दोनला चार, तीनला आठ, चारला सोळा. वेग सरळ रेषेत चढतो आणि पातळ्या मात्र दर वेळी दुपटीने वाढत जातात.

आता सगळ्यात मोठी चूक, १९,२००. बहुतेक चांगली मुलं इथेच घसरली, म्हणून मी यावर वेळ घालवणार आहे. तुम्ही हे लिहिलंत:

```
C = 2B log2 V
```

B च्या जागी २४००, V च्या जागी १६, लॉग ४. दोन गुणिले २४०० गुणिले ४, म्हणजे १९,२००. मग लिहिलंत की मर्यादा १९,२०० आहे आणि मोडेम ९६०० ने चालतो, म्हणजे मोडेम निम्म्या क्षमतेने चालतोय. हा निष्कर्ष लिहिताना तुम्हाला शंकासुद्धा आली नाही? एवढे हुशार इंजिनिअर लाइनची अर्धी क्षमता वाया घालवतील का, एवढा प्रश्न तरी मनात यायला हवा होता.

त्या सूत्रातला २ कुठून येतो, ते आधी बघा. एक चॅनेल घ्या जो शून्यापासून B हर्ट्झपर्यंतच्याच लहरी पुढे जाऊ देतो. दर सेकंदाला R सिम्बॉल पाठवा. सगळ्यात घाईचा क्रम कुठला? वर, खाली, वर, खाली. यात दोन सिम्बॉल मिळून एक पूर्ण लहर होते, म्हणजे त्या लहरीची फ्रीक्वेन्सी R चा निम्मा. ही लहर B च्या वर गेली तर चॅनेल ती गिळून टाकतो, आणि पलीकडे सपाट रेघ दिसते. म्हणून R चा निम्मा B पेक्षा जास्त होता कामा नये. R जास्तीत जास्त 2B. उलट बाजूनेही ते जमतं: योग्य आकाराच्या पल्स एक भागिले 2B इतक्या अंतराने पाठवल्या तर प्रत्येक पल्स दुसऱ्या पल्सच्या नेमक्या वाचायच्या क्षणी शून्य असते, आणि एकीची दुसरीत मिसळ होत नाही. म्हणून सूत्राचा पहिला अर्धा भाग, 2B, ही सिम्बॉलवरची मर्यादा आहे, बिटांवरची नाही. V त्यात नंतर येतो. आणि तो V म्हणजे एका रेषेवरच्या व्होल्टेजच्या पातळ्या.

आता आपला मोडेम बघा. तो शून्यापासून सुरू होणाऱ्या पट्ट्यात नाही, १८०० हर्ट्झच्या कॅरियरभोवती आहे, ६०० ते ३०००. अशा पट्ट्यात सेकंदाला 2B सिम्बॉल जात नाहीत, B जातात. म्हणूनच २४०० हर्ट्झमध्ये २४०० बॉड. मग दुसरा अर्धा कुठे गेला? कुठेच गेला नाही. क्वॅममधला प्रत्येक सिम्बॉल एकाच वेळी दोन आकडे नेतो, एक कोसाइनवर आणि एक साइनवर. सोळा बिंदूंचा तो चौकोन आठवा, चार आडवे आणि चार उभे. आडव्या दिशेने चार पातळ्या, उभ्या दिशेने चार. दर सेकंदाला २४०० सिम्बॉल, प्रत्येकात दोन आकडे, म्हणजे ४८०० आकडे. तेच तुमचे 2B. आणि प्रत्येक आकड्याच्या पातळ्या चार, सोळा नव्हेत. सूत्रात V च्या जागी चार घाला: दोन गुणिले २४०० गुणिले २, म्हणजे ९६००. मोडेमच्या आकड्याशी तंतोतंत जुळतं. निम्मी क्षमता वाया जात नाही, नायक्विस्टच्या सीमेवरच तो मोडेम उभा आहे.

तुम्ही तो २ दोनदा वापरलात. सोळा बिंदूंमध्ये दोन दिशा आधीच मोजल्या होत्या, आणि सूत्रातल्या २ ने त्याच परत मोजल्या. क्वॅम दिसलं की दोनपैकी एकच रस्ता धरा: एकतर B गुणिले बिंदूंचा लॉग, नाहीतर 2B गुणिले एका दिशेच्या पातळ्यांचा लॉग. दोन्ही रस्त्यांनी उत्तर एकच आलं पाहिजे. आलं नाही तर गणित थांबवा आणि बिंदूंचं चित्र काढा. परीक्षेत या प्रश्नासाठी मी अर्धं पान कोरं सोडलं होतं. तिथे सोळा बिंदू कुणीही काढले नाहीत.

काहींनी शेवटच्या भागात लिहिलंय की चॅनेलमध्ये नॉइज नसेल तर V कितीही वाढवता येतो, म्हणून मर्यादा अनंत आहे आणि प्रश्न निरर्थक आहे. पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसरं उद्धटपणा आहे. हो, नॉइज अजिबात नसेल तर नायक्विस्टचं सूत्र बिटांना कुठेच अडवत नाही. ते अडवतं सिम्बॉलना, आणि बिटांचा हिशेब V ठरवणाऱ्याच्या हातात देतं. म्हणूनच प्रश्नात V दिलेला असतो. V दिलेला नसताना कुणी या सूत्रातून बिट रेटची मर्यादा काढून दाखवली तर ते उत्तर मी वाचणारही नाही.

आता V वाढवताना काय होतं ते व्होल्टमध्ये बघा, म्हणजे ते अनंत जमिनीवर येईल. उणे ३ ते अधिक ३ व्होल्ट एवढीच जागा धरा, कारण लाइनवर पाठवायच्या ताकदीला मर्यादा असते. चार पातळ्यांमध्ये दोन शेजाऱ्यांमधलं अंतर दोन व्होल्ट. रिसीव्हर मधोमध रेघ ओढतो, म्हणजे एक व्होल्टपर्यंतची चूक त्याला पचते. ९६०० चे दुप्पट, १९,२०० हवे असतील तर प्रत्येक दिशेला सोळा पातळ्या लागतात, एकूण २५६ बिंदू. सहा व्होल्टचे पंधरा भाग, अंतर ०.४, पचणारी चूक ०.२ व्होल्ट. वेग दुप्पट झाला आणि सहनशक्ती पाचव्या हिश्श्यावर आली. आता ते ३८,४०० घ्या. प्रत्येक दिशेला २५६ पातळ्या, म्हणजे तेच ६५,५३६ बिंदू, सहा व्होल्टचे २५५ भाग, अंतर सुमारे साडेतेवीस मिलिव्होल्ट. बारा मिलिव्होल्टने सिग्नल हलला की शेजारचा सिम्बॉल वाचला जातो. नॉइज नसलेल्या कागदावर हे सगळं चालतं. तारेवर रिसीव्हरला कुठला बिंदू आला ते ओळखता येत नाही, आणि स्कोपवर ते डोळे मिटलेले दिसतात.

कितीपर्यंत जाता येईल ते शॅननने १९४८ साली दाखवलं. सिग्नल नॉइजच्या हजारपट असेल, म्हणजे ३० डेसिबल, तर २४०० हर्ट्झमध्ये जास्तीत जास्त २४०० गुणिले लॉग (बेस २) १००१. ते सुमारे २३,९०० बिट दर सेकंदाला येतं. नायक्विस्टच्या सूत्राशी हे बरोबरीला ठेवलंत तर V सुमारे ३१.६ मिळतो. म्हणजे या नॉइजमध्ये प्रत्येक दिशेला बत्तीस पातळ्यासुद्धा जरा जास्तच होतात. ३८,४०० हवे असतील तर सिग्नल नॉइजच्या ६५,५३५ पट लागेल, सुमारे ४८ डेसिबल. म्हणून चॅनेलचा वेग विचारला आणि नॉइज दिलेला असेल तर दोन्ही मर्यादा काढा आणि लहान ती लिहा. नॉइज दिलेला नसेल तर फक्त नायक्विस्ट, आणि V दिलेला असेल तरच.

एकाने मात्र वेगळं लिहिलं होतं, त्याचं उत्तर चूक असूनही मी त्याला एक मार्क दिला. त्याला वाचनालयात व्ही.३२ बद्दल कुठेतरी ३२ बिंदूंचं चित्र सापडलं, आणि त्याने २४०० गुणिले ५ करून १२,००० बिट दर सेकंद लिहिले. चित्र खरं आहे. त्या मोडेममध्ये ट्रेलिस कोडिंगची दुसरी पद्धतही आहे, आणि तीत बिंदू बत्तीस असतात. पण पाच बिटांमधला एक बिट माहितीचा नसतो. तो आधीच्या बिटांवरून काढलेला असतो, रिसीव्हरला चुका ओळखता याव्यात म्हणून. त्यामुळे साधारण चार डेसिबलचा फायदा होतो. माहितीचे बिट चारच, वेग तोच ९६००. बिंदू मोजले की माहिती मोजली असं होत नाही, बिंदूंपैकी किती निवडायला मोकळे आहेत ते बघावं लागतं. कारखान्यातून निघालेल्या उपकरणाचा कागद वाचताना हे तपासायची सवय आत्तापासून लावा.

उद्यापर्यंत हा प्रश्न लिहून आणा. व्ही.२२बिस मोडेम दोन्ही दिशांना एकाच जोडीवरून बोलतो, पण दोन कॅरियर वापरून, एक १२०० आणि दुसरा २४०० हर्ट्झचा. प्रत्येक दिशेला ६०० बॉड, बिंदू सोळा. एका दिशेचा बिट रेट काढा, आणि ६०० हर्ट्झ बँडविड्थ धरून नायक्विस्टची मर्यादा दोन्ही रस्त्यांनी काढा. बिंदूंचं चित्र हाताने काढलेलं हवं, त्यावर आडव्या आणि उभ्या पातळ्या लिहिलेल्या हव्यात. उत्तर २४०० येईल, आणि तोच आकडा व्ही.३२ चा बॉड रेट आहे. त्या काळात लोक व्ही.२२बिसला २४०० बॉडचा मोडेम म्हणत, आणि ते चूक होतं. ते का चूक होतं हे उत्तराखाली तुमच्या शब्दांत लिहा. ज्याच्या वहीत ते नसेल त्याने लॅबमध्ये पाऊल टाकू नये.